मक्याच्या दाण्यांतून जनुकांचा क्रम

मक्याच्या नवव्या गुणसूत्रावर तीन जनुके अशी आहेत की, त्यांचा परिणाम दाण्यावरच दिसतो. पहिले जनुक दाण्याच्या वरच्या थराला जांभळट रंग देते. ते निकामी झाले तर दाणा बिनरंगी राहतो. दुसऱ्यामुळे दाणा भरीव होतो; त्याचे निकामी रूप असले की, वाळताना दाण्याची पाठ आत बसते आणि तो सुरकुततो. तिसरे जनुक दाण्यातल्या स्टार्चचा प्रकार ठरवते. त्याच्या साध्या रूपात स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन्ही घटक असतात. निकामी रूपात अमायलोज तयारच होत नाही आणि दाणा कापला की मेणासारखा दिसतो. कापलेल्या दाण्यावर आयोडिनचा थेंब टाकला तर साधा दाणा निळा-काळा पडतो, मेणचट दाणा तांबूस. तिन्ही बाबतींत साधे रूप प्रभावी आणि निकामी रूप अप्रभावी आहे.

ही तीन जनुके गुणसूत्रावर कोणत्या क्रमाने बसली आहेत आणि त्यांच्यात किती अंतर आहे, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तरीही दाणे वर्गवारीने मोजून ते सांगता येते. अमेरिकेतील क्लॉड हचिसन यांनी या तीन जनुकांवर केलेले काम १९२२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ६,७०८ दाण्यांची मोजणी आजही अनुवंशशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिली जाते. आकडे लहान आहेत आणि त्यांतून निघणारे उत्तर स्पष्ट आहे.

या पद्धतीचा पाया अर्धसूत्री विभाजनात आहे. परागकण किंवा बीजांड तयार होण्याआधी वनस्पतीच्या पेशीतील जोडीची गुणसूत्रे, म्हणजे एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून आलेले, शेजारी शेजारी येतात. ती दोन्ही सारख्याच जागी तुटतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. या अदलाबदलीला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन जनुकांच्या मधल्या भागात क्रॉसओव्हर झाला तर मूळच्या जोडीतली रूपे वेगळी होतात आणि नव्या जोड्या जुळतात. जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. म्हणून नव्या जोड्यांचे प्रमाण हे अंतराचे माप धरता येते. कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी याच तर्काने १९१३ मध्ये फळमाशीच्या एका गुणसूत्राचा पहिला नकाशा छापला. शंभरात एक नवी जोडी म्हणजे नकाशावर एक एकक. या एककाला पुढे मॉर्गन यांच्या नावावरून सेंटिमॉर्गन म्हणू लागले.

हचिसन यांच्या प्रयोगात एका बाजूला रंगीत, सुरकुतलेले आणि साध्या स्टार्चचे दाणे देणारा शुद्ध वाण होता; दुसऱ्या बाजूला बिनरंगी, भरीव आणि मेणचट दाण्यांचा. म्हणजे कोणत्याच वाणात तिन्ही प्रभावी रूपे एकत्र नव्हती. या दोघांच्या संकरातून आलेल्या रोपाकडे तिन्ही जनुकांची दोन्ही रूपे असतात. एका गुणसूत्रावर रंगीत-सुरकुतलेला-साधा ही मालिका, त्याच्या जोडीदारावर बिनरंगी-भरीव-मेणचट ही.

पुढचा टप्पा म्हणजे चाचणी संकर. या संकरित रोपाचा संबंध अशा रोपाशी लावतात की, ज्याच्याकडे तिन्ही जनुकांची फक्त अप्रभावी रूपे आहेत: बिनरंगी, सुरकुतलेले, मेणचट. चाचणी रोप प्रत्येक दाण्याला तीच तीन अप्रभावी रूपे देते, त्यामुळे ते काहीच झाकत नाही. दाण्यावर जे दिसते ते संकरित रोपाच्या एका बीजांडाने किंवा परागकणाने जे दिले, नेमके तेच. मक्यात हे काम विशेष सोपे होते. नरफुले शेंड्यावरच्या तुऱ्यात आणि मादीफुले कणसात असल्यामुळे तुरा आणि कणसाचे केस दोन्हींवर पिशवी बांधून हवा तोच पराग हव्या त्याच कणसावर टाकता येतो. शिवाय दाण्यातील गर आणि त्याचा रंगीत थर हे फलनानंतर तयार होतात, म्हणजे ते पुढच्या पिढीचेच असतात. एका कणसावर शेकडो अपत्ये ओळीने मांडलेली मिळतात. ती पेरून वाढवण्याची गरज पडत नाही.

तीन जनुकांची प्रत्येकी दोन रूपे, म्हणजे आठ प्रकारचे दाणे संभवतात. तिन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असती, तर ६,७०८ दाणे आठही वर्गांत साधारण सारखे, म्हणजे प्रत्येकी ८३८ च्या आसपास वाटले गेले असते. प्रत्यक्षात वाटणी फार विषम निघाली. रंगीत-सुरकुतलेले-साधे आणि बिनरंगी-भरीव-मेणचट या दोन वर्गांत मिळून ५,२४६ दाणे. रंगीत-सुरकुतलेले-मेणचट आणि बिनरंगी-भरीव-साधे या दोन वर्गांत १,२२७. रंगीत-भरीव-मेणचट आणि बिनरंगी-सुरकुतलेले-साधे यांत २२९. उरलेल्या दोन वर्गांत, रंगीत-भरीव-साधे आणि बिनरंगी-सुरकुतलेले-मेणचट, यांत दोन्ही मिळून अवघे ६.

वर्ग असे जोडीने का मांडायचे, त्याला कारण आहे. एका अदलाबदलीतून दोन गुणसूत्रे बाहेर पडतात आणि ती एकमेकांची उलट प्रत असतात. एकात रंगीत तर दुसऱ्यात बिनरंगी, एकात भरीव तर दुसऱ्यात सुरकुतलेला. म्हणून परस्पर उलट असलेल्या दोन वर्गांत दाणे जवळपास सारखे यायला हवेत. एखाद्या जोडीत एक वर्ग ६०० चा आणि दुसरा ३०० चा निघाला, तर दोष अदलाबदलीत नसतो. एखाद्या रूपाचे परागकण कमी टिकतात, तसे दाणे कमी भरतात किंवा ते ओळखण्यात चूक होते, असा त्याचा अर्थ. पुढचे गणित करण्याआधी ही तपासणी करावीच लागते.

सर्वांत मोठी जोडी अदलाबदल न झालेली, म्हणजे मूळ गुणसूत्रे जशीच्या तशी मिळालेली असते. हे संख्येवरून ठरते, दाण्यांच्या रूपावरून नाही. इथे नवख्याची हमखास फसगत होते. तिन्ही प्रभावी गुण असलेला दाणा म्हणजे मूळचा, असे गृहीत धरून काही जण गणित सुरू करतात. या कणसांवर मात्र रंगीत, भरीव आणि साध्या स्टार्चचा दाणा सर्वांत दुर्मीळ जोडीत बसतो.

ही दुर्मीळ जोडीच क्रम सांगते. समजा तीन जनुके एका ओळीत आहेत. मधल्या जनुकाच्या डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला एक असे दोन्हीकडे क्रॉसओव्हर झाले, तर टोकांची जनुके आपल्या जुन्या सोबत्यांसह राहतात आणि फक्त मधले जनुक बदलते. दोन घटना एकाच वेळी घडण्याची शक्यता एका घटनेपेक्षा कमी, म्हणून दुहेरी अदलाबदलीचे दाणे सर्वांत कमी असणार. आता मूळचा रंगीत-सुरकुतलेला-साधा हा वर्ग दुर्मीळ रंगीत-भरीव-साधा या वर्गाशेजारी ठेवून पाहावा. रंग तोच, स्टार्च तोच. बदलले ते फक्त भरीवपणाचे रूप. उलट वर्गाचेही तसेच: बिनरंगी-भरीव-मेणचटच्या जागी बिनरंगी-सुरकुतलेले-मेणचट. म्हणजे भरीव-सुरकुतलेपणाचे जनुक मध्ये आहे, एका बाजूला रंगाचे आणि दुसऱ्या बाजूला स्टार्चचे. डावे कोणते आणि उजवे कोणते, हे मात्र या प्रयोगातून कळत नाही. क्रम उलटा वाचला तरी तो तोच असतो.

क्रम कळला की मधल्या दोन जोड्यांचा अर्थ आपोआप उलगडतो. २२९ दाण्यांत रंगाचे जनुक बाकीच्या दोघांपासून सुटले आहे, म्हणजे क्रॉसओव्हर रंग आणि भरीवपणा यांच्यामध्ये झाला. १,२२७ दाण्यांत स्टार्चचे जनुक सुटले आहे, म्हणजे क्रॉसओव्हर भरीवपणा आणि स्टार्च यांच्यामध्ये झाला.

आता अंतरे. रंग आणि भरीवपणा यांच्यामध्ये अदलाबदल झालेले दाणे म्हणजे ते २२९, आणि त्यांच्या जोडीला दुहेरी अदलाबदलीचे ६, कारण त्या सहांमध्येही या टप्प्यात क्रॉसओव्हर झालेलाच आहे. एकूण २३५. त्यांना ६,७०८ ने भागले तर ३.५ टक्के. दुसऱ्या टप्प्यात १,२२७ आणि तेच ६ मिळून १,२३३, म्हणजे १८.४ टक्के. हे सहा दोन्ही ठिकाणी मिळवायचे राहून जाणे ही परीक्षेतली सर्वांत नेहमीची चूक. इथे त्याने फारसा फरक पडत नाही, पण अंतरे मोठी असतील तर पडतो.

दोन्ही टप्प्यांची बेरीज २१.९ होते. पण फक्त टोकांची दोन जनुके, रंग आणि स्टार्च, पाहून नव्या जोड्या मोजल्या तर त्या २२९ आणि १,२२७ मिळून १,४५६ भरतात, म्हणजे २१.७ टक्के. दुहेरी अदलाबदलीत टोकांची जनुके पुन्हा जुन्याच जोडीत येतात, त्यामुळे टोकांवरून मोजणाऱ्याला ते सहा दाणे न बदललेले वाटतात. प्रत्येक दाण्यात दोन क्रॉसओव्हर झालेले असल्याने हिशेबातून बारा क्रॉसओव्हर गळतात. चाचणी संकरात तिसरे, मधले जनुक घेण्याचा फायदा हाच: एरवी न दिसणारी दुहेरी अदलाबदल त्याच्यामुळे दिसते.

मग प्रश्न असा की, दुहेरी अदलाबदल सहाच दाण्यांत का? एका टप्प्यातली अदलाबदल दुसऱ्या टप्प्याशी काही संबंध न ठेवता होत असेल, तर दोन्ही एकत्र घडण्याची शक्यता म्हणजे दोन शक्यतांचा गुणाकार. ०.०३५ गुणिले ०.१८४ म्हणजे सुमारे ०.००६४, आणि ६,७०८ दाण्यांत हे प्रमाण ४३ दाण्यांचे होते. अपेक्षा ४३ ची, मिळाले ६. सहाला त्रेचाळीसने भागले की ०.१४ येतो, या आकड्याला संपात गुणांक म्हणतात. अपेक्षित दुहेरी अदलाबदलींपैकी फक्त १४ टक्के घडल्या आणि ८६ टक्के रोखल्या गेल्या. हा ०.८६ म्हणजेच व्यतिकरण, ज्याला प्रयोगशाळेत सरसकट इंटरफिअरन्स म्हणतात. मक्याच्या या भागात एक क्रॉसओव्हर झाला की जवळपास दुसरा होणे बरेचसे अडते. आपल्या पहिल्या नकाशाच्या वेळीच स्टर्टेव्हंट यांना दुहेरी अदलाबदली अपेक्षेपेक्षा कमी दिसल्या होत्या. या परिणामाला नाव देऊन त्याचे माप ठरवले ते मॉर्गन यांच्याच गटातल्या हर्मन मुलर यांनी, १९१६ मध्ये.

व्यतिकरण शून्य म्हणजे दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र. एक म्हणजे पूर्ण अटकाव, दुहेरी अदलाबदलीचा एकही दाणा नाही. जनुके एकमेकांच्या फार जवळ घेतली की, बहुतेक वेळा हेच होते: फळमाशीत काही सेंटिमॉर्गनच्या आतली तीन जनुके घेतली तर हजारो माश्यांतही आठपैकी सहाच प्रकार मिळतात. अशा वेळी क्रम ठरवण्यासाठी दुर्मीळ वर्गच हाती नसतो. तरी अडचण होत नाही. तिन्ही जोड्यांतली टक्केवारी वेगवेगळी काढायची, आणि ज्या दोन जनुकांत ती सर्वांत जास्त ती टोके. हचिसन यांच्या आकड्यांनाही ही कसोटी लावता येते. ३.५, १८.४ आणि २१.७ यांत सर्वांत मोठी संख्या रंग आणि स्टार्च यांच्यामधली आहे.

सहा हा आकडा छोटा आहे, आणि छोट्या आकड्यावर फार बारीक निष्कर्ष काढणे धोक्याचे. तोच प्रयोग पुन्हा केला तर कधी चार, कधी नऊ दाणेही मिळू शकतील. निव्वळ योगायोगाची ही मर्यादा धरली, तर खरा संपात गुणांक ०.०५ ते ०.३० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे व्यतिकरण ०.८६ आहे असे दोन दशांश स्थळांपर्यंत सांगणे हे थोडे धाडसाचेच, ते ०.७ पेक्षा जास्त आहे एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. मोठ्या नमुन्याने हा संशय दूर होतो. लुईस स्टॅडलर यांनी १९२६ मध्ये याच तीन जनुकांची ४५,८३२ दाण्यांवरची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात २१२ दुहेरी दाणे अपेक्षित होते आणि ३२ मिळाले. संपात गुणांक ०.१५, व्यतिकरण ०.८५, हचिसन यांच्या उत्तराशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे.

अंतरे मात्र जुळली नाहीत. स्टॅडलर यांच्या दाण्यांत पहिला टप्पा २.३ टक्के आणि दुसरा १९.९ टक्के निघाला. गुणसूत्र तेच, जनुके तीच, क्रम तोच. पण पहिले अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी. यात चूक कुणाचीच नाही. क्रॉसओव्हरचे प्रमाण वाणानुसार, तापमानानुसार, वनस्पतीच्या वयानुसार आणि पराग की बीजांड यानुसार बदलते, आणि स्टॅडलर यांच्या निबंधाचा विषयच ते बदलणे हा होता. म्हणून सेंटिमॉर्गन हे फूटपट्टीवरचे अंतर नव्हे. क्रम पक्का असतो, अंतर हे त्या संकरापुरते माप असते. एका संकरातली अंतरे दुसऱ्या संकराच्या नकाशात सरळ चिकटवली तर नकाशा ताणला तरी जातो किंवा आक्रसतो तरी.

व्यतिकरणाच्या बाबतीत सर्वांत नाजूक जागा दाणे ओळखण्यात आहे. मूळ रूपाचे ५,२४६ दाणे आहेत. त्यांतल्या एखाद्या भरीव दाण्याला नुसत्या वाळण्याने पडलेली खळगी पाहून कुणी सुरकुतलेला म्हटले, तर तो दाणा थेट दुहेरी अदलाबदलीच्या वर्गात जाऊन बसतो, कारण फक्त मधले जनुक बदललेले दिसते. हजारात एक अशी चूक झाली, तरी पाच खोटे दुहेरी दाणे तयार होतात, आणि खरे तर सगळे मिळून सहाच आहेत. संपात गुणांक तेवढ्यानेच जवळजवळ दुप्पट होईल. टोकाच्या जनुकाबाबत तशीच चूक झाली तर दाणा एकेरी अदलाबदलीत मोजला जातो आणि शेकड्यांच्या गर्दीत हरवतो; मधल्या जनुकाची चूक मात्र थेट नेमक्या त्या वर्गात उमटते, ज्यावर सारा निष्कर्ष उभा आहे. म्हणून दुर्मीळ दाणे बाजूला काढून पेरायचे आणि त्यांच्या संततीवरून खात्री करून घ्यायची, ही सावधगिरी या कामात अनिवार्य ठरते. व्यतिकरण शून्याच्या खाली, म्हणजे संपात गुणांक एकाहून जास्त आला, तर पहिला संशय वर्गवारीवर घ्यावा. तो फिटल्यावरच दुसरे कारण शोधावे. ते म्हणजे गुणसूत्राचा तुटलेला धागा दुरुस्त होताना मधला एक छोटा तुकडा जोडीदाराकडून जसाच्या तसा उतरवला जातो, आणि तो दुहेरी अदलाबदलीसारखा भासतो. जनुके अगदी जवळ असली की हे विशेष दिसते.

नकाशावरची अदलाबदल ही गुणसूत्राच्या प्रत्यक्ष तुटण्याचेच प्रतिबिंब आहे, हे मक्याच्या याच गुणसूत्रावर सिद्ध झाले. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ मध्ये असे नववे गुणसूत्र घेतले, ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. रंग आणि स्टार्च यांची जनुके या दोन खुणांच्या मध्ये होती. जनुकांची नवी जोडी जुळली तेव्हा गाठ आणि तुकडा यांचीही अदलाबदल झालेली सूक्ष्मदर्शकातून दिसली.

व्यतिकरण का होते, याचे उत्तर बऱ्याच उशिरा आकाराला आले. अर्धसूत्री विभाजनात जोडीची गुणसूत्रे एका प्रथिनांच्या पट्टीने लांबभर शिवलेली असतात. अराबिडॉप्सिस या छोट्या रोपात असे दिसले आहे की, एचईआय१० नावाचे प्रथिन या पट्टीवर सुरुवातीला बारीक बारीक ठिपक्यांत जमते आणि मग थोडे ठिपके मोठे होतात, बाकीचे विरतात. मोठा ठिपका आसपासचे प्रथिन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या शेजारी दुसरा मोठा होऊ शकत नाही. क्रॉसओव्हर तिथेच होतो जिथे मोठा ठिपका उरतो. ही पट्टीच काढून टाकलेल्या रोपांत व्यतिकरण नाहीसे होते. काही सजीवांत पट्टीच नाही, उदाहरणार्थ स्किझोसॅकरोमायसिस पोम्बे हे यीस्ट, आणि तिथे व्यतिकरणही नाही. मक्याच्या कणसावर मोजलेले ०.८६ हे या ठिपक्यांच्या स्पर्धेचेच अप्रत्यक्ष माप मानता येते.

मधले जनुक हाताशी नसेल तर काय करायचे? टोकांवरून मोजलेल्या २१.७ टक्क्यांवरून खरे अंतर काढायचे असेल, तर अदृश्य दुहेरी अदलाबदली किती असतील याचा अंदाज लागतो, आणि तो अंदाज व्यतिकरण किती मानले यावर अवलंबून असतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात व्यतिकरण शून्य धरले आहे, त्याप्रमाणे २१.७ टक्क्यांचे अंतर २८.५ सेंटिमॉर्गन होते. टप्प्याटप्प्याने मोजलेले अंतर २१.९ आहे. म्हणजे व्यतिकरण नसते असे मानले तर नकाशा जवळजवळ सात एककांनी फुगतो.

दुसरे सूत्र पुण्यात जन्मले. दामोदर धर्मानंद कोसंबी १९४४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात त्या वर्षी त्यांचा एक चार पानांचा लेख छापून आला. त्यात त्यांनी असे धरले की संपात गुणांक नव्या जोड्यांच्या प्रमाणाच्या दुप्पट असतो. जनुके अगदी जवळ असली, तर तो शून्याकडे जातो, म्हणजे व्यतिकरण पूर्ण. नव्या जोड्या ५० टक्के झाल्या, की तो एक होतो, म्हणजे व्यतिकरण संपते. इतिहासकार आणि नाणेशास्त्रज्ञ म्हणून कोसंबी मराठी वाचकांच्या ओळखीचे आहेत, पण जगभरच्या अनुवंशशास्त्रज्ञांच्या संगणकांत त्यांचे नाव या सूत्रामुळेच सर्वांत जास्त वेळा येते. जॉइनमॅप किंवा आर/क्यूटीएल यांसारखी साधने वापरून नकाशा काढणाऱ्याला हाल्डेनची पद्धत हवी की कोसंबींची, हे निवडावे लागते.

कोसंबींच्या सूत्राने २१.७ टक्क्यांचे अंतर २३.२ सेंटिमॉर्गन येते, प्रत्यक्षाच्या बरेच जवळ. पण तेही पूर्ण बरोबर नाही. ३.५ आणि १८.४ टक्क्यांच्या टप्प्यांत हे सूत्र सुमारे १८ दुहेरी दाणे असावेत असे सांगते. स्वातंत्र्य मानले तर ४३, कोसंबी मानले तर १८, प्रत्यक्षात ६. मक्याच्या नवव्या गुणसूत्राच्या या भागात व्यतिकरण कोसंबींनी धरले त्याहूनही कडक आहे. कोसंबींचे सूत्र अनेक सजीवांच्या सरासरी वागणुकीच्या बरेच जवळ जाते, एवढाच त्याचा दावा घ्यावा. एखाद्या विशिष्ट टप्प्याचे व्यतिकरण त्यातून काढता येत नाही, ते मोजावेच लागते.

१८.४ टक्क्यांच्या लांब टप्प्यातही काही दुहेरी अदलाबदली लपलेल्या असू शकतात, कारण त्या टप्प्याच्या आत आणखी एखादे मोजलेले जनुक नाही. कोसंबींच्या सूत्राने त्या टप्प्याची दुरुस्ती केली तर तो १९.३ होतो, मक्यातले व्यतिकरण त्याहून कडक असल्याने खरी भर एका एककापेक्षाही कमी असावी. पहिला टप्पा ३.५ चा आहे आणि तिथे दुरुस्तीने काहीच बदलत नाही. म्हणून दाट नकाशे तयार करताना दहा सेंटिमॉर्गनच्या आतले टप्पे घेऊन त्यांची बेरीज करतात, आणि लांब टप्प्यांसाठी सूत्रावर भिस्त ठेवण्यापेक्षा मध्ये आणखी खुणा शोधतात.